किल्ली हातात असेपर्यंत

समजा, कोल्हापुरात शिकायला आलेल्या सायलीने एका जुन्या घराच्या मागच्या दोन खोल्या भाड्याने घेतल्या. भाडं महिना ८,००० रुपये, डिपॉझिट ४०,०००. करार रीतसर झाला. त्यात नेहमीचं वाक्य होतं : ‘सदर मिळकत लिहून देणार यांच्या मालकी व वहिवाटीची आहे.’ खाली काकांची सही, शेजारी सायलीची. काकांनी किल्ली दिली आणि सायली राहायला आली.

सात महिन्यांनी काही कामासाठी तिने त्या घराचं प्रॉपर्टी कार्ड काढलं. त्यावर काकांचं नावच नव्हतं. घर त्यांच्या नागपूरच्या थोरल्या भावाच्या नावावर होतं. तिने भाडं थांबवलं. काकांनी विचारलं तेव्हा ती म्हणाली, “काका, घर तुमचं नाहीच. मग भाडं कशाचं मागता?”

काका म्हणाले, “अगं, पण किल्ली कुणाकडून घेतलीस?”

तीन महिन्यांचे २४,००० रुपये थकले. काकांनी थकलेल्या भाड्यासाठी आणि खोल्यांच्या ताब्यासाठी दावा लावला. सायलीचा बचाव एका ओळीचा आहे : हे मालक नाहीत, आणि तसं दाखवणारा कागद माझ्याकडे आहे. आपण असं धरून चालू की तिचं म्हणणं पूर्ण खरं आहे. तरीही कोर्ट तिला ते सिद्ध करू देणार नाही. कागद खोटा म्हणून नव्हे. तो तिच्या हातून पुढे येऊ शकत नाही म्हणून.

सत्य हुडकण्यासाठी असलेल्या पुराव्याच्या कायद्यातच सत्य बोलायला मज्जाव करणारा हा नियम आहे. त्याला एस्टॉपेल म्हणतात. त्यामुळे एक प्रश्न उभा राहतो : सायलीचं तोंड नेमकं कशाने बंद झालं? तिच्या शब्दाने, सहीने, की आणखी कशाने?

पहिलं उत्तर शब्दाचं आहे. भारतीय पुरावा कायदा, १८७२ चं कलम ११५, म्हणजे आताच्या भारतीय साक्ष्य अधिनियमाचं कलम १२१, सांगतं की तुम्ही बोलण्याने, कृतीने किंवा गप्प राहून दुसऱ्याला एखादी गोष्ट खरी वाटायला लावलीत आणि तो त्यावर विसंबून वागला, तर त्याच्याशी चाललेल्या वादात तुम्हाला ती गोष्ट नाकारता येणार नाही. कायद्यातलं उदाहरण जमिनीचंच आहे. एकाने ‘ही जमीन माझी’ असं खोटं भासवून ती दुसऱ्याला विकली. पुढे ती खरोखर त्याच्या मालकीची झाली. आता तो म्हणतो, विकली तेव्हा मी मालक नव्हतो, सबब विक्री रद्द करा. त्याला हे बोलता येणार नाही. इथली नीती आपल्याला लगेच पटते. ज्याने फसवलं, त्याने त्याच फसवणुकीचा फायदा घेऊ नये.

या एस्टॉपेलचा जीव दुसऱ्याच्या विश्वासात आहे. विश्वासच बसला नसेल तर ते उभंच राहत नाही. १९०३ च्या मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने हेच सांगितलं. धर्मोदास घोष या अज्ञान मुलाने आपण सज्ञान असल्याचं लिहून देऊन घर गहाण टाकलं होतं, पण सावकाराच्या वकिलाला त्याच्या अज्ञानपणाची खबर आधीच मिळाली होती. सत्य दोन्ही बाजूंना ठाऊक असताना कलम ११५ लागू होत नाही, असं ठरलं.

ही कसोटी सायलीला लावून पाहा. तिने काकांची कोणती समजूत करून दिली? घर कुणाचं आहे हे काकांना तिच्याआधीपासून माहीत होतं. कुणी कुणाला काही भासवलं असेल तर ते काकांनी तिला. शब्दाच्या हिशेबाने सायली मोकळी सुटायला हवी.

दुसरं उत्तर सहीचं आहे. इंग्लंडच्या जुन्या कायद्यात मोहोर लावलेल्या दस्ताला मोठं वजन होतं. अशा दस्तात तुम्ही एखादी गोष्ट मान्य केली की त्या दस्ताबद्दलच्या वादात ती तुम्हाला नाकारता येत नसे. समोरचा फसला का, त्याचं नुकसान झालं का, हे विचारायची गरज नव्हती. हे दस्ताचं एस्टॉपेल. त्याची नीतीही आपल्या ओळखीची आहे : लिहून दिलंस ना, मग पाळ.

सायलीने ‘मालकी व वहिवाटीची’ या वाक्याखाली सही केली आहे. म्हणजे या उत्तराने ती बांधली जाते. पण प्रसंग थोडा बदलला तर? कागदच झाला नाही, काकांनी तोंडी बोलणी करून किल्ली दिली आणि सायली दरमहा भाडं देत राहिली. सही नाही, मोहोर तर नाहीच. तरीही ती बांधलेलीच राहते, कारण भाडेकरूवरच्या बंधनाला कागदाची अट नाही. शिवाय आपल्याकडे करारातली अशी विधानं सहसा कबुली म्हणून धरली जातात. कबुली हा भक्कम पुरावा असला, तरी तो खोडून काढता येतो. म्हणजे सहीचं उत्तरही अपुरं पडतं.

सायलीला अडवतं ते कलम ११६, आताचं १२२. भाडेपट्टा सुरू झाला तेव्हा घरमालकाला त्या मिळकतीवर हक्क होता, हे भाडेकरूला नाकारता येत नाही. कुणाच्या परवानगीने जागेत राहायला आलेल्यालाही, परवानगी देणाऱ्याला तेव्हा ताब्याचा हक्क होता, हे नाकारता येत नाही. अकरा महिन्यांचा लिव्ह अँड लायसन्स करार करून राहणारे या दुसऱ्या भागात येतात.

या कलमात विश्वासाचा उल्लेख नाही आणि दस्ताचाही नाही. उल्लेख आहे तो नात्याचा. त्या नात्याच्या मुळाशी काय आहे हे कळायला आणखी एक कलम पाहावं लागतं, जुनं ११०, आताचं ११३. एखादी वस्तू ज्याच्या ताब्यात आहे तो तिचा मालक नाही, असं म्हणणाऱ्याने ते सिद्ध करायचं असतं. थोडक्यात, ताबा असणाऱ्याला दाव्यात आयती आघाडी मिळते.

किल्ली देण्यापूर्वी ही आघाडी काकांकडे होती. ते खोल्यांत होते आणि त्यांना हटवायचं तर समोरच्याला स्वतःचा हक्क दाखवावा लागला असता. सायली भाडं देईन म्हणाली, म्हणून त्यांनी ताबा तिच्याकडे दिला. आता ती त्याच खोल्यांत बसून म्हणते, “आधी मालकी सिद्ध करा.” म्हणजे काकांनी भरवशाने दिलेली आघाडी ती त्यांच्याविरुद्ध वापरते आहे. कायदा अडवतो ते हे. खोटं बोलल्याचा आरोप तिच्यावर नाही आणि सही मोडल्याचाही मुख्य आरोप नाही. ज्या दारातून आत आलीस, ते दार आतून लावून घेऊ नकोस, एवढंच म्हणणं आहे.

म्हणूनच १९१५ मध्ये बिलास कुंवर खटल्यात प्रिव्ही कौन्सिलने सांगितलं की घरमालकाचा हक्क कितीही सदोष असला, तरी भाडेकरूने उघडपणे ताबा परत करेपर्यंत तो हक्क त्याला नाकारता येत नाही. आधी किल्ली परत कर, मग भांड. किल्ली दिल्यावर दोघं एका पातळीवर येतात आणि मग मालकीबद्दल काय म्हणायचं ते खुशाल म्हणता येतं.

मग भावाच्या घराचं भाडं खाणारे काका जिंकले का? भाड्याच्या दाव्यापुरते, हो. सायलीला २४,००० द्यावे लागतील. पण या निकालाने काका मालक होत नाहीत. एस्टॉपेल फक्त त्या दोघांमध्ये आणि त्यांच्यामार्फत हक्क सांगणाऱ्यांमध्ये चालतं. नागपूरच्या भावाने कुणाकडून किल्ली घेतलेली नाही. तो उद्या काकांवर दावा लावू शकतो आणि तेच प्रॉपर्टी कार्ड पुढे करू शकतो. त्याला कुणी अडवणार नाही. सत्य तसंच शिल्लक आहे. ते फक्त सायलीने वापरायचं नाही.

ही बंदी कुठे संपते तेही पाहायला हवं. कलम बोलतं ते भाडेपट्ट्याच्या सुरुवातीच्या हक्काबद्दल. नंतर काकांनी घर विकलं किंवा दुसऱ्या कारणाने त्यांचा हक्क संपला, तर सायली ते सांगू शकते. काका वारले आणि कुणी तिसराच ‘मी वारस’ म्हणत भाडं मागायला आला, तर त्याचं वारसपण ती तपासू शकते. किल्ली तिने त्याच्याकडून घेतलेली नाही.

सर्वांत महत्त्वाची वाट वेगळी आहे. समजा, भावाने स्वतःच तिला नोटीस पाठवली : घर माझं आहे, माझी भाडेकरू म्हणून राहा, नाहीतर बाहेर काढीन. १९८७ च्या डी. सत्यनारायण खटल्यात सर्वोच्च न्यायालयापुढे असाच पेच होता. वरचढ हक्क असलेल्या मालकाने बाहेर काढण्याची तंबी दिली आणि म्हणून भाडेकरूने त्याचं भाडेकरूपण पत्करलं, तर एस्टॉपेल आड येत नाही, असं न्यायालयाने धरलं. अशा वेळी सायलीने खरोखर खोल्या सोडून पुन्हा आत येण्याचं नाटक करायची गरज नाही. मात्र धमकी खरी हवी आणि ती देणाऱ्याचा हक्कही खरा हवा. भाडं चुकवायला सायलीने स्वतःच भावाला शोधून आणलं, तर गोष्ट बदलते. पहिल्या प्रसंगात तिची जागा तिच्या इच्छेविरुद्ध जाते आहे. दुसऱ्यात ती जागा राखून फक्त देणं टाळते आहे.

हे सगळं मला न्याय्य वाटतं, पण एका अटीवर. बंधन किल्लीचं असेल, तर ते किल्लीबरोबर सुटलं पाहिजे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या नव्या अधिनियमात नेमकं इथेच काही शब्द वाढले आहेत. जुनं कलम म्हणायचं, भाडेपट्टा चालू असताना. नवं म्हणतं, भाडेपट्टा चालू असताना किंवा त्यानंतर कधीही.

या ‘कधीही’चे दोन अर्थ होऊ शकतात. मुदत संपूनही जागा न सोडणाऱ्या भाडेकरूला हे लागू असेल, तर त्यात नवं काही नाही. मुदत संपली तरी किल्ली त्याच्याच खिशात आहे. पण शब्दशः वाचलं तर सायलीने किल्ली परत केली, भाडं चुकतं केलं, गाव सोडलं, आणि पाच वर्षांनी त्याच घरावरून काकांशी दुसरा वाद झाला, तरी तिचं तोंड बंदच राहील. तिने तेव्हा दिलेलं काही रोखून धरलेलं नसेल. मग तिला बांधणारं काय उरलं? फक्त एकदा मान्य केल्याची खूण. म्हणजे मोहोर लावलेल्या दस्ताची जुनी नीती, तीही मोहोर नसताना.

शब्दाने बांधायचं तर समोरचा त्यावर विसंबलेला हवा. ताब्याने बांधायचं तर ताबा हातात हवा. यातलं काहीच नसताना खरं बोलायला बंदी घालायची, तर त्या बंदीमागे कुणाचं रक्षण आहे हे सांगता आलं पाहिजे. सायलीच्या दाव्यात ते सांगता येतं. तिने २४,००० द्यावेत, कारण ते तीन महिने ती काकांनी उघडून दिलेल्या खोल्यांत झोपली. किल्ली टेबलावर ठेवून ती बाहेर पडली की काकांना मागायचं काही उरत नाही. नव्या कलमातलं ‘त्यानंतर कधीही’ कोर्टांनी तिथपर्यंतच वाचावं.