'होईल सगळं सेट' म्हणण्याआधी

नोव्हेंबरातला एक रविवार. पुण्यात दुपारचे साडेतीन वाजले होते, म्हणजे स्टुटगार्टमध्ये सकाळचे अकरा. मित्राचा मेसेज आला : "आज रविवार. सगळं बंद आहे इथे."

त्याला तिकडे जाऊन पाच आठवडे झाले होते. त्याआधी आम्ही चार वर्षं सांगलीत एका होस्टेलवर आणि पाच वर्षं पुण्यात एका फ्लॅटमध्ये राहिलो होतो. मी लगेच उत्तर लिहिलं : "अरे, होईल सगळं सेट. सुरुवातीला सगळ्यांनाच जड जातं. लोक तरसतात अशा संधीसाठी! बाहेर पड, फिर, लोकांना भेट. तुझा अभिमान आहे भावा." शेवटी दंड फुगवलेला इमोजी. त्याने उत्तरादाखल अंगठा पाठवला. संभाषण संपलं, आणि मी चहा टाकायला गेलो. खरं सांगायचं तर मला बरं वाटत होतं. मित्राला धीर दिला होता ना!

संध्याकाळी तो अंगठा परत पाहिला तेव्हा काहीतरी खटकलं. ऑफिसात आम्ही लोक एक पाप नेहमी करतो. कोणी बग नोंदवला की तो आपल्या मशीनवर करून न पाहताच 'रिझॉल्व्हड' म्हणून तिकीट बंद करतो. नोंदवणारा वैतागतो आणि पुढच्या वेळी नोंदवायचंच सोडतो. मी मित्राचं तिकीट बंद केलं होतं. 'सगळं बंद आहे' म्हणजे काय बंद आहे, तो कुठे बसून हे लिहितोय, सकाळपासून काय केलंय, यातलं मी काहीच विचारलं नव्हतं.

माझा मेसेज खोटा नव्हता. सुरुवातीला जड जातंच आणि पुढे बहुतेकांचं बरं होतं. पण तो मेसेज मी कॅनडाला गेलेल्या मावसभावाला किंवा नोकरी गेलेल्या शेजाऱ्यालाही पाठवू शकलो असतो. त्यात स्टुटगार्ट नव्हतं, रविवार नव्हता, तो नव्हता. शिवाय त्या वाक्यांत एक सूचना लपलेली होती : तुला जे वाटतंय ते लवकर वाटायचं थांबू दे. हे कोणासाठी? त्याच्यासाठी, की त्याची उदासी बघणं मला जड जात होतं म्हणून?

ॲरिस्टॉटलने 'निकोमाखियन एथिक्स'मध्ये मैत्रीवर दोन अख्खे भाग लिहिले आहेत. त्यात तो म्हणतो की अंतरामुळे मैत्री मोडत नाही, मैत्रीचं चालणं थांबतं. आणि फार काळ थांबलं तर मैत्रीचाही विसर पडतो. दुसऱ्या एका ठिकाणी तो विचारतो, मित्रांनी एकत्र राहणं म्हणजे नेमकं काय? त्याचं उत्तर असं की गुरं एका कुरणात चरतात तसं एका जागी असणं पुरेसं नाही. माणसांचं एकत्र राहणं बोलण्यात आणि विचारात वाटेकरी होण्याने होतं. आमच्या फ्लॅटमधले कित्येक दिवस मला आठवले. दोघं दोन खोल्यांत, दोघांच्या कानांत हेडफोन. चरणंच ते. पण दिवसातून दोन-चार वेळा कोणीतरी स्वयंपाकघरातून ओरडायचं, "अरे, हे दही आंबलंय का बघ." या फालतू वाक्यांना कधी प्रस्तावना लागली नाही. एकटेपणात माणसाचं हेच हरवतं, असं मला आता वाटतं. त्याच्या ऑफिसात माणसं होती, ट्राममध्ये माणसं होती. पण 'हे दही आंबलंय का' असं विचारण्याजोगं कोणी नव्हतं.

मग पुढच्या रविवारी मी वेगळं करून पाहिलं. धीर द्यायचा नाही, एवढंच ठरवलं. चाळीसेक सेकंदांचा व्हॉइस नोट पाठवला. त्यात खाली आलेला पाण्याचा टँकर रिव्हर्स घेताना करत असलेला आवाज होता, वरच्या मजल्यावरच्या काकांनी वॉचमनशी घातलेला वाद होता, आणि शेवटी एक प्रश्न : "तू काल दारावर काहीतरी टांगलंय म्हणालास, ते काय होतं? फोटो टाक."

फोटो आला. दाराच्या मुठीला दोरीने अडकवलेली एक लहानशी पाटी. तीवर लिहिलेला शब्द वाचायला मी त्याला फोन लावला. तो म्हणाला, "केरवोखे." दोन दिवस त्याला वाटत होतं की आपल्याविरुद्ध कोणीतरी तक्रार केली आहे. आधीच्या रविवारी त्याने वॉशिंग मशीन लावलं होतं आणि नंतर कळलं होतं की रविवारी तिथे आवाजाची कामं करायची नसतात. त्यामुळे पाटी म्हणजे शिक्षा, असं त्याने ठरवून टाकलं होतं. ट्रान्सलेटरवर टाकायलाही तो घाबरत होता. हे सांगताना तो स्वतःच हसायला लागला. मग आम्ही दोघांनी मिळून शोधलं. ती शिक्षा नव्हती, पाळी होती. स्टुटगार्टच्या भागात ही जुनी पद्धत आहे : ज्याच्या दारावर पाटी, त्याने त्या आठवड्यात जिना झाडायचा आणि मग पाटी पुढच्या दारावर लावायची.

"म्हणजे केर काढायचा आठवडा," मी म्हणालो. "केर-वोखे!"

आम्ही दोघं किती वेळ हसलो, सांगता येणार नाही. आपल्या 'केर'चं आणि त्यांच्या 'केर'चं काही नातं आहे की निव्वळ योगायोग, याच्याशी आम्हाला देणंघेणं नव्हतं. परक्या जिन्यात आपल्या घरातला एक शब्द सापडला होता. त्याच्याकडे झाडू नव्हता आणि रविवार असल्याने दुकानंही बंद होती. मी म्हटलं, "शेजारी माग. आणि नेमकं काय म्हणालास ते मला सांग." त्याने समोरच्या आजींचं दार वाजवलं. जर्मन तोडकंमोडकं होतं, पण हातात पाटी होती. त्या इमारतीतलं त्याचं ते पहिलं संभाषण.

'लोकांना भेट' हे मी आधीही सांगितलं होतं. फरक एवढाच की पहिल्यांदा मी त्याला उपदेश केला होता आणि दुसऱ्यांदा त्याच्या जिन्यात त्याच्याबरोबर उभा होतो. उपदेशात मी वर असतो आणि तो खाली. 'नेमकं काय म्हणालास ते सांग' यात तो तिथला माहीतगार असतो आणि मी ऐकणारा. नव्या देशात माणूस दिवसभर अडाणी ठरत असतो : फॉर्म कळत नाही, बाटलीचे पैसे परत घ्यायचं यंत्र कळत नाही, विनोद कळत नाही. अशा माणसाला दिवसातून एकदा तरी कोणाला काहीतरी सांगण्याजोगं आपल्याजवळ आहे असं वाटणं, हा अभिमानाच्या इमोजीपेक्षा मोठा आधार असावा.

इथे लेख संपवला असता तर बरं झालं असतं. पण पुढे मी दुसरी चूक केली.

सूर सापडला म्हणून आमचे रविवारचे कॉल वाढत गेले. दोन तास, तीन तास. तो फोन टेबलावर उभा करून ठेवायचा, मी इकडे भाजी चिरायचो. डिसेंबरात एकदा तो सहज बोलून गेला, "ऑफिसातल्या एकाने जेवायला बोलावलं होतं रविवारी. म्हटलं, नको, आपला कॉल असतो." मला आत कुठेतरी छान वाटलं. आणि पुढच्याच क्षणी, छान का वाटलं या विचाराने अस्वस्थ झालो.

तो गेल्यावर फ्लॅटमध्ये त्याच्या जागी जो मुलगा आला, त्याच्याशी माझं फारसं जमत नव्हतं. दह्याबद्दल ओरडून विचारायला माझ्याकडेही कोणी उरलं नव्हतं. परदेशी गेलेल्याचा एकटेपणा सगळ्यांना दिसतो. मागे राहिलेल्याचा कोणी धरत नाही, तो स्वतःही धरत नाही. मी त्याला धीर देतोय असं समजत होतो आणि प्रत्यक्षात त्याचे रविवार माझ्यासाठी राखून ठेवत होतो. आपला मेसेज त्याला पुण्याजवळ आणतोय, पण त्यामुळे तो स्टुटगार्टपासून लांब जातोय का, हा प्रश्न मी विचारलाच नव्हता.

मी त्याला हे सगळं तसंच सांगितलं. तोही म्हणाला, त्याला तिकडच्या जेवणाची धास्ती होती आणि आमचा कॉल हे सोयीचं कारण होतं. मग आम्ही कॉल आमच्या रात्री नऊला नेला आणि अर्ध्या तासाचा केला. तेव्हा तिथे साडेचार वाजलेले असतात आणि डिसेंबरात त्याच सुमाराला अंधार पडतो. त्याच्या म्हणण्याप्रमाणे दिवसातली सगळ्यात वाईट वेळ तीच. शिवाय दिवसभर बाहेर काही घडलं असेल, तर ते सांगायला तोवर जमलेलं असतं.

एक गोष्ट मात्र मेसेजवर सोडायची नाही, असंही ठरवलं. जानेवारीत आठ-दहा दिवस त्याची उत्तरं एका शब्दावर आली, कॅमेरा बंद राहू लागला, मेसेज पहाटेचे येऊ लागले. तेव्हा टँकरच्या गोष्टी बाजूला ठेवून सरळ विचारलं, "झोप लागते का? जेवतोस का? जीव नकोसा होतो का कधी?" शेवटचा प्रश्न विचारताना माझा आवाज कापला. तो म्हणाला, "तितकं नाही. पण झोप नाही." दुसऱ्या दिवशी त्याने तिथल्या फॅमिली डॉक्टरची वेळ घेतली. ती घेईपर्यंत मी फोनवर थांबलो. त्याच्या काकूंना, म्हणजे त्याच्या आईला, मी त्याला विचारल्याशिवाय काही सांगितलं नाही. पण उत्तर 'हो' आलं असतं तर न विचारता सांगितलं असतं, हेही त्याला तेव्हाच सांगून ठेवलं. जवळ असणं म्हणजे प्रत्येक वेळी आपणच पुरे पडणं नव्हे.

मार्चच्या शेवटच्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास पुढे गेली. साडेचार तासांचं अंतर साडेतीन तासांवर आलं. म्हणजे त्याचे साडेचार आता माझे आठ. मी आठला फोन लावणार एवढ्यात मेसेज आला : "आज कॉल नको. बाहेर आहे."

माझं बोट सवयीने अंगठ्यावर गेलं. मग तो न पाठवता लिहिलं : "कुठे?"