खांद्याचे दुखणे खांद्यातले नसावे

आदरणीय डॉक्टरसाहेब,



‘फ्रोझन शोल्डर’ म्हणून आपण पाठवलेल्या ५८ वर्षांच्या रिक्षाचालक गृहस्थांबद्दल लिहीत आहे. सहा आठवडे शेक, पेंड्युलम, काठीचे आणि भिंतीवर बोटे चढवण्याचे व्यायाम झाले. ते घरीही नेमाने करतात. दुखणे मात्र वाढतेच आहे.

फ्रोझन शोल्डरमध्ये हात बाहेरच्या बाजूला फिरवणे सर्वांत आधी अडते. रुग्णाने प्रयत्न केला तरी अडते, आपण हात धरून फिरवला तरी अडते. यांचा खांदा मी फिरवला तर सगळ्या बाजूंनी मोकळा फिरतो. हात दाबून धरून जोर लावायला सांगितला, तरी खांद्याचे स्नायू ताकद दाखवतात आणि दुखणे वाढत नाही. म्हणजे सांधा आणि स्नायूबंध दोन्ही बरे आहेत. खांद्याचा एक्स-रेही स्वच्छ आहे. मग हे दुखणे दुसरीकडूनच खांद्यात येत असावे.

रात्री कुठल्याही कुशीवर त्यांना आराम पडत नाही. उजवा हात डाव्या हाताने कोपराखाली उचलून धरून बसतात. कळ काखेतून हाताच्या आतल्या बाजूने करंगळीपर्यंत उतरते. गेल्या आठवड्यात शर्टाचे बटण लावताना बोटे अडखळताना दिसली, म्हणून दोन्ही हात शेजारी ठेवून पाहिले. उजव्या अंगठ्याच्या आणि तर्जनीच्या मधला मांसल भाग खोल गेला आहे. त्याच बाजूची पापणी किंचित खाली आहे आणि अंधाऱ्या खोलीत त्या डोळ्याची बाहुली डावीपेक्षा लहान राहते.

तीस वर्षांपासून ते विडी ओढतात. वजन उतरल्याचे ते स्वतःच सांगतात.

मानेतील नस दबूनही हातात अशी कळ येते, पण पापणी आणि बाहुलीतला फरक त्यामुळे सहसा होत नाही. ही सगळी लक्षणे एकत्र पाहता फुफ्फुसाच्या वरच्या टोकाची शंका घ्यावी लागते. तिथली गाठ हाताकडे जाणाऱ्या नसांच्या मुळांवर दाब आणू शकते. निदान अर्थात आपणच करायचे आहे.

छातीचा एक्स-रे आधी करावा आणि वरची टोके नीट दिसतील असे सांगावे. तो स्वच्छ आला तरी थांबू नये, ही कळकळीची विनंती. हे टोक बरगड्या आणि गळपट्टीच्या हाडाआड झाकले जाते, म्हणून छातीचा सीटी स्कॅन आणि मान व नसांच्या जुडग्याचा एमआरआय करावा.

शेक आणि व्यायाम मी थांबवले आहेत. रुग्णाला गाठीविषयी काही बोललो नाही, फक्त ‘छातीची आणि मानेची तपासणी हवी’ एवढेच सांगितले आहे. ते उद्या सकाळी मुलासह आपल्याकडे येतील. कृपया त्यांना उद्याच पाहावे.

आपला नम्र,
फिजिओथेरपिस्ट