चूक झाल्यानंतरची तीस सेकंदं

शाळकरी मुलींचा कबड्डीचा सामना आहे असं समजा. चार मिनिटं उरली आहेत आणि आपला संघ २४-२२ असा पुढे आहे. समोरच्या संघाच्या लागोपाठ दोन चढाया रिकाम्या गेल्या आहेत. ही तिसरी. यात गुण मिळाला नाही तर चढाई करणारी मुलगी बाद होणार, म्हणजे आपल्या सात जणींनी फक्त अंतर राखलं तरी गुण आपलाच. चढाईपटू अजून बोनस रेषेपासून दूर असतानाच आपली डाव्या कोपऱ्यातली मुलगी तिच्या पायावर झेपावते. पायावर अजून वजन आलेलं नसतं, त्यामुळे तो सहज सुटतो. मदतीला धावलेल्या कव्हरलाही ओढत ती मध्यरेषा गाठते. दोघी बाद. २४-२४.

अशा वेळी बाहेरून पहिलं वाक्य ठरलेलं असतं : "शंभरदा सांगितलं होतं ना, तिसऱ्या चढाईला घाई करायची नाही!" वाक्य खरं आहे, पण त्या क्षणी ते निरुपयोगी आहे. बाद होऊन बसलेल्या मुलीला आपण काय केलं ते गुणफलकावर दिसतंच आहे. "काही नाही झालं गं" हेही तितकंच पोकळ. दोन गुण गेलेत हे तिला कळतं, आणि आपल्याशी खोटं बोललं जातंय हेही.

ओरडा खाल्लेली कोपऱ्यातली मुलगी ओळखू येते. ती अंतिम रेषेला चिकटून उभी राहते, वजन टाचांवर असतं, साखळीतला हात सैल पडतो आणि प्रत्येक चढाईनंतर नजर बाकाकडे जाते. तिनं पुन्हा चूक केली नाही म्हणून प्रशिक्षक समाधानी होतो. खरं तर तिनं पकड करणंच सोडलेलं असतं. चढाईपटूच्या हे पटकन लक्षात येतं, आणि त्या बाजूनं ती एकेक बोनस सहज उचलून नेते.

आता आपल्या चढाईपटूनं एक गुण आणला, २५-२४ झाले. आधी बाद झालेली म्हणून ही मुलगी परत आत येते आणि मैदानात सहा जणी होतात. बोनस मिळण्यासाठी बचावात किमान सहा जणी लागतात. पाच असताना तो बंद होता, आता उघडला. प्रशिक्षकानं टाइम-आउट घेतला आहे. हातात तीस सेकंदं आहेत.

त्यानं आवाज खाली आणून, तिला नावानं हाक मारून एकच प्रश्न विचारावा : "काय दिसलं तुला?" ती म्हणेल, "कव्हर पुढे सरकली, सर. मला वाटलं जायचंय." हे उत्तर महत्त्वाचं आहे. बाहेरून जो उतावीळपणा वाटला, तो साखळीतल्या जोडीदाराचा चुकीचा वाचलेला इशारा होता. दोष एकटीच्या स्वभावाचा नव्हता, आणि उद्याचा सराव कशाचा घ्यायचा तेही कळलं.

"बरं. पकड लवकर झाली, तेवढंच. आता तुम्ही सहा जणी आहात, ती बोनसला येणार. तिचा मागचा पाय उचलला की पुढचा घोटा धर."

एवढंच बोलावं. चूक एका छोट्या वाक्यात मान्य झाली आणि लगेच पुढचं काम हाती आलं. बोनस घेताना पुढचा पाय रेषेपलीकडे टेकवून मागचा पाय उचलावाच लागतो, म्हणजे सगळं वजन एकाच पायावर येतं. मघाशी नेमकं तेच नव्हतं. शिवाय या सूचनेत मुलीचं लक्ष प्रतिस्पर्ध्याच्या पायावर जातं, स्वतःच्या हातांवर राहत नाही. हालचाली कशा शिकल्या जातात याचा अभ्यास करणाऱ्या गॅब्रिएले वुल्फ यांनीही हेच दाखवलं आहे : लक्ष बाहेरच्या गोष्टीवर असलं की हालचाल बहुतेक वेळा अधिक सफाईदार होते. छाती धडधडत असताना सूचना एकच टिकते. दुसरी दिली की पहिलीही जाते.

तिला तेव्हाच बदलून बाकावर बसवणं मला शिक्षेसारखंच वाटतं, भले तोंडानं काही बोललं नाही तरी. दुखापत असेल, रडू थांबत नसेल तर गोष्ट वेगळी. परतीच्या गाडीत आईवडिलांनीही चढाईचा विषय काढू नये; भूक लागली का, एवढं विचारावं.

सविस्तर बोलणं दुसऱ्या दिवशी, मैदानावर आणि कव्हरला सोबत घेऊन. तिसरी चढाई पुन्हा मांडायची. पहिल्या काही फेऱ्यांत पकड करायचीच नाही, दोघींनी हात धरून फक्त मागेपुढे सरकत अंतर राखायचं आणि चढाईपटूला रिकामं परत पाठवायचं. मग इशारा पक्का करायचा : कव्हरनं हात दाबला तरच कोपऱ्यानं जायचं. त्यानंतर चढाईपटूला मुद्दाम फसवा पाय टाकायला सांगायचं आणि त्या मुलीनं कोणता पाय सोडला, कोणता धरला, ते तिलाच सांगू द्यायचं.