भोपळा कुणी लोटला?

फारसीत एक लोककथा आहे, ‘कदू क़ेलक़ेलेज़न’. म्हातारी लेकीकडे निघते. वाटेत लांडगा, बिबट्या, सिंह भेटतात. ती म्हणते, आधी लेकीकडे जाऊन जाडजूड होऊन येते, मग खा. परतताना ती भोपळ्यात बसून येते.

हसलात ना? मीही हसले. ही तर आपलीच गोष्ट! म्हणून अनुवाद करताना भोपळ्याच्या चालीसाठी ‘टुणुक’ हा शब्द न शोधताच हाती आला. मराठी मुलाच्या कानात तो आधीच बसलेला. मग अडचण कसली?

पाच वर्षांच्या भाचीला मसुदा वाचून दाखवला. ‘टुणुक’ येताच ती म्हणाली, ‘‘ही मला येते,’’ आणि आपलीच गोष्ट सांगू लागली. इराणी म्हातारी तिथेच अडकून राहिली.

मी मूळ पुन्हा मोठ्यानं वाचलं. ‘क़ेल’ म्हणजे गडगडणं. आपला भोपळा स्वतः उड्या मारतो, पण हा भोपळा लोटावा लागतो. ‘म्हातारी पाहिलीस का?’ असं जनावर विचारतं, तेव्हा आतून आवाज येतो: नाही पाहिली, मला लोट आणि जाऊ दे. आणि जो तिला खायला टपलाय, तोच तिला पुढे ढकलतो! गोष्टीची सगळी गंमत त्या धक्क्यात आहे. ‘टुणुक’नं नाद दिला, पण धक्का काढून घेतला. मी लिहिलं, ‘‘लोट मला, गडगड गडगड.’’

दुसरी चूक माझ्या शाळकरी सवयीची. जाडजूड होण्यासाठी फारसीत ‘चाक़-ओ-चेल्ले’ अशी जोडी आहे. चाक़ म्हणजे लठ्ठ, आणि चेल्ले त्याला नादाची साथ देतं, जसं आपल्या ‘जाड’ला ‘जूड’. पुनरुक्ती टाळावी म्हणून मी लांडग्याजवळ ‘जाडजूड’ लिहिलं, बिबट्याजवळ ‘गुटगुटीत’, सिंहाजवळ ‘धष्टपुष्ट’. त्यामुळे मुलाला पुढचं वाक्य आधीच ओळखता येईना. म्हातारी तिघांनाही तेच सांगते, अन् तिघेही फसतात. वाक्य बदललं की ती थाप राहत नाही, वाटाघाटी होतात. मी तिन्ही जागी ‘जाडजूड’ केलं.

अनुवादकानं प्रामाणिक राहायचं कुणाशी, मूळ शब्दाशी की ऐकणाऱ्या मुलाशी? मला वाटायचं, यातलं एक निवडावं लागतं. पण ‘टुणुक’ यांपैकी कुणाशीच प्रामाणिक नव्हता, तो माझ्या बालपणाशी प्रामाणिक होता. परक्या गोष्टीला आपलंसं करताना तिचं वेगळेपण पुसणं सोपं असतं, कारण ते प्रेमानंच होतं. म्हणून आता प्रत्येक नादशब्दाला विचारते: तू गोष्टीत काय काम करतोस? ‘जाडजूड’ तेच काम करतो, म्हणून राहिला. ‘टुणुक’ करत नाही, म्हणून गेला.

नवा मसुदा ऐकताना तिसऱ्या वेळी भाची माझ्याआधीच ‘गडगड’ म्हणाली आणि उशी लोटून दिली. मग विचारलं, ‘‘सिंहाला कळलं का नाही?’’

हा प्रश्न आपल्या गोष्टीत तिनं कधी विचारला नव्हता.