तालुक्याची टक्केवारी आणि वस्तीतला गोवर

२०२२ च्या नोव्हेंबरात गोवंडी, भिवंडी आणि मालेगावात गोवराची साथ आली आणि राज्याला डॉ. सुभाष साळुंखे यांच्या अध्यक्षतेखाली कृती दल नेमावे लागले. आमच्या पारोळा तालुक्यातून मालेगाव फार लांब नाही, धुळे ओलांडले की आलेच. राज्यात नोव्हेंबर २०१८ पासून नऊ महिने ते पंधरा वर्षांपर्यंतच्या मुलांना गोवर-रुबेलाची लस देण्याची मोठी मोहीम झाली होती. तरीही चार वर्षांत साथ उठली, कारण मोहिमेनंतर जन्मलेल्या मुलांची सारी भिस्त नियमित लसीकरणावर होती आणि करोनाच्या काळात नेमके तेच विस्कळीत झाले.

गोवराविरुद्ध कोणाकडेच प्रतिकारशक्ती नसेल तर एक आजारी मूल साधारण १२ ते १८ जणांना लागण देते. या आकड्याला ‘आर-नॉट’ म्हणतात. आपण १५ धरू. साथ विझायची तर एका रुग्णामागे एकापेक्षा कमी नवा रुग्ण व्हायला हवा, म्हणजे त्या पंधरांतले चौदा जण आधीच सुरक्षित हवेत. चौदा भागिले पंधरा म्हणजे सुमारे ९३ टक्के. हाच समूह प्रतिकारशक्तीचा उंबरठा.

इथे लस घेतलेले मूल आणि सुरक्षित मूल यांत फरक करावा लागतो. नवव्या महिन्यात दिलेला डोस सुमारे ८५ टक्के मुलांनाच संरक्षण देतो. समजा एकही मूल न चुकता सगळ्यांना हा एक डोस मिळाला, तरी १५ टक्के मुले उघडी राहतात. पंधराला ०.१५ ने गुणले की सव्वादोन येतात, म्हणजे साथ वाढतच जाते. सोळा ते चोवीस महिन्यांचा दुसरा डोस मुख्यतः या पहिल्या वेळी निसटलेल्या मुलांसाठी असतो. आई-वडिलांना तो ‘वरचा’ डोस वाटतो आणि तोच अधिक चुकतो. दोन्ही डोस किमान ९५ टक्के मुलांना द्यायचे, हा आग्रह या हिशोबातून आला आहे.

पण माझा खरा मुद्दा त्यापुढचा आहे. साथीचे हे गणित १९२७ मध्ये कर्मॅक आणि मॅकेंड्रिक यांनी मांडले, तेव्हा ताडून पाहायला त्यांनी १९०५-०६ च्या मुंबईतल्या प्लेगचे आकडे घेतले होते. त्यात एक गृहीतक होते: प्रत्येक माणूस इतर सगळ्यांशी सारखाच मिसळतो. पारोळ्यासारख्या तालुक्यात तसे होत नाही.

समजा एखाद्या तालुक्यात पाच वर्षांखालची दहा हजार मुले आहेत आणि त्यांतली ९४ टक्के सुरक्षित आहेत. उरलेली सहाशे मुले सगळीकडे विखुरलेली असतील, तर एका रुग्णामागे सरासरी ०.९ नवा रुग्ण होतो आणि साथ आपोआप मावळते. आता त्याच सहाशेंपैकी १२० मुले तीनशे मुलांच्या एकाच वस्तीत आहेत असे धरा. त्या वस्तीतली मुले बहुतांशी आपापसातच खेळतात. तिथे ४० टक्के मुले उघडी, म्हणून एका रुग्णामागे सहा नवे रुग्ण. तालुक्याच्या अहवालात मात्र तेच ९४ टक्के.

अशा वस्त्या योगायोगाने होत नाहीत. ऊसतोडीला किंवा वीटभट्टीवर गेलेल्या कुटुंबाचे मूल नऊ महिन्यांचे होते तेव्हा ते गावात नसते आणि जिथे असते तिथल्या यादीत त्याचे नाव नसते. कुठल्याच यादीत नसलेले मूल टक्केवारी खालीसुद्धा आणत नाही. एखाद्या उपकेंद्राचे लसीकरण शंभर टक्क्यांवर गेलेले दिसले, तर आनंदाआधी छेदातली संख्या तपासावी. घरोघर जाऊन मुले मोजणे आणि आशाताईंच्या हातातली बाकी मुलांची यादी वस्तीनिहाय वाचणे, यानेच खरी भोके दिसतात.

साथ उठल्यावर मग धावाधाव करून भागत नाही का? फारसे नाही. पुरळ दिसण्याच्या चार दिवस आधीपासून मूल लागण देत असते, आणि विषाणू बंद खोलीच्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो. रुग्ण वेगळा ठेवावाच, पण तोवर बरेच घडून गेलेले असते. संपर्कात आलेल्या मुलाला ७२ तासांच्या आत लस मिळाली तर आजार टळू शकतो. त्यामुळे पुरळाची पहिली खबर ज्या दिवशी येते, त्याच दिवशी वस्तीतली सगळी मुले शोधावी लागतात.

नऊ महिन्यांखालच्या बाळांना तर एरवी लसच नसते. आईकडून आलेले संरक्षण ओसरत असते आणि शेजारची मुले सुरक्षित असणे एवढाच त्यांचा आधार. २०२२ मध्ये केंद्राने सांगितले की, एकूण रुग्णांत नऊ महिन्यांखालची बाळे दहा टक्क्यांहून अधिक असतील, तिथे सहा महिन्यांपासून एक जादा डोस द्यावा. हा डोस कमी वयात दिल्यामुळे नियमित वेळापत्रकात धरला जात नाही. त्या बाळाला नवव्या महिन्यात पुन्हा बोलवावे लागते आणि सोळाव्या महिन्यानंतर आणखी एकदा, मग कुटुंब तेव्हा गावात असो वा फडावर.