सांगा, काय काम होतं?

मदतकक्षाला फोन लावणारा माणूस थांबलेला असताना काय करतो? संगीत ऐकत नाही. तो मनातल्या मनात एक वाक्य जुळवत असतो. ‘काल संध्याकाळी एटीएममधून पैसे काढायला गेलो, पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले.’ पलीकडून कोणी उचललं की हेच म्हणायचं, असं त्याचं ठरलेलं असतं. एकटा असेल तर तो ते ओठांतल्या ओठांत म्हणूनही पाहतो. त्या वाक्यात त्याची सगळी काळजी बांधलेली असते.

मग फोन उचलला जातो. पुढच्या दहा सेकंदांत त्या वाक्याचं काय होतं, यावर बाकीचा फोन कसा जाणार ते बरंचसं ठरतं.

मदतकक्षात शेजारी बसून, दुसरा हेडसेट कानाला लावून असे फोन ऐकण्याचं काम मी केलं आहे. टेबलावरच्या काचेखाली स्वागताचा मजकूर ठेवलेला असतो. बहुतेक ठिकाणी तो साधारण असा असतो : ‘नमस्कार, आमच्या बँकेच्या ग्राहक सेवा केंद्रामध्ये आपले मनःपूर्वक स्वागत आहे. मी अमुक बोलत आहे. मी आपली कशा प्रकारे मदत करू शकते? कृपया आपला खाते क्रमांक सांगा.’

शांतपणे म्हटला तर एवढ्या मजकुराला दहा सेकंद लागतात. सकाळच्या पहिल्या फोनला तो तसाच म्हटला जातो. दुपारपर्यंत तोच मजकूर सहा सेकंदांत उरकतो. शब्द तेच राहतात, पण एकमेकांना चिकटतात. सगळ्यात आधी गिळलं जातं ते बोलणाऱ्या मुलीचं स्वतःचं नाव. म्हणजे समोर कोणीतरी माणूस आहे हे सांगणारा जो एकच शब्द त्या मजकुरात असतो, नेमका तोच ऐकू येत नाही.

आणि पलीकडचा म्हणतो, ‘हॅलो?’

स्वागत पूर्ण झाल्यावरही समोरचा ‘हॅलो’ म्हणत असेल, तर ते पोचलेलं नाही. त्याला आवाज आला, पण कोणी आपल्याशी बोललं असं वाटलं नाही. ही खूण फार विश्वासाची आहे. त्यासाठी समाधानाचे गुण मोजणारे कुठलेही तक्ते लागत नाहीत.

या ‘हॅलो’चा अभ्यास झाला आहे. इमॅन्युएल शेग्लॉफ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने पोलिसांकडे ध्वनिमुद्रित झालेल्या सुमारे 500 फोनांची फक्त सुरुवात तपासली आणि 1968 मध्ये त्यावर निबंध लिहिला. फोनवर पहिल्यांदा बोलतो तो उचलणारा, असा त्याला नियम दिसला. एकच फोन त्यात बसेना. तिथे फोन करणाराच आधी बोलला होता. का? तर पलीकडे फोन उचलला गेला, पण एक सेकंदभर कोणी काही बोललं नाही. तेवढ्यात याने ‘हॅलो’ म्हटलं. या एका फोनावरून शेग्लॉफच्या लक्षात आलं, की फोनची घंटा हीच पहिली हाक असते. उचलणारा बोलतो ते त्या हाकेला दिलेली ओ असते. ओ आली नाही, म्हणून माणसाने पुन्हा हाक मारली.

एक सेकंद. माणसाला पुन्हा हाक मारावीशी वाटायला एवढाच वेळ पुरतो.

आजच्या मदतकक्षात हा सेकंद फार सहज हातून जातो. कारण तिथे पुष्कळदा फोन कोणी उचलतच नाही. आधीचा फोन संपतो, कानात एक बारीक बीप वाजते आणि पुढची लाइन आपोआप खुली होते. त्या क्षणी मुलगी मागच्या तक्रारीची नोंद टाइप करत असते. ती मान वर करते, श्वास घेते, बोलायला लागते. तोवर पलीकडून ‘हॅलो’ आलेलं असतं. दोघं एकदम बोलतात, दोघं एकदम थांबतात, पुन्हा दोघं एकदम सुरू करतात. तीन सेकंदांत दोघांनाही किंचित अवघडल्यासारखं होतं. दोष कोणाचाच नसतो, पण फोनाला पहिला ओरखडा पडलेला असतो.

दुसरी गोष्ट शेग्लॉफचा सहकारी हार्वी सॅक्स याची. 1960 च्या दशकात तो लॉस एंजेलिसमध्ये आत्महत्येच्या अभ्यासाला वाहिलेल्या एका केंद्रात काम करत होता. एका मनोरुग्णालयाच्या आपत्कालीन फोनांवरची संभाषणं त्याच्या हाताशी होती. तिथल्या लोकांची एक अडचण होती. फोन करणारे नाव सांगत नसत. सॅक्सने पाहिलं, की कर्मचाऱ्याने ‘मी स्मिथ, काय मदत करू?’ असं म्हटलं, तर समोरचा बहुधा ‘हो, मी ब्राउन’ असं म्हणतो. न विचारता नाव मिळतं. पण एका फोनात समोरचा म्हणाला, ‘ऐकू येत नाही.’ कर्मचाऱ्याने पुन्हा सांगितलं, ‘मी स्मिथ.’ तो म्हणाला, ‘स्मिथ.’ आणि संभाषण पुढे गेलं. जिथे त्याचं नाव यायचं, ती जागाच निघून गेली होती.

मला यातलं एवढंच घ्यायचं आहे. फोनवरचं पहिलं वाक्य समोरच्यासाठी एक जागा तयार करतं. जशी जागा, तसं उत्तर. आपण नाव दिलं की नाव येतं. आपण अंक मागितला की अंक येतो. आपण ‘सांगा’ म्हटलं की हकिगत येते.

आता त्या एटीएमवाल्याकडे येऊ. मजकुराचं शेवटचं वाक्य ‘कृपया आपला खाते क्रमांक सांगा’ असं आहे. त्याच्या ओठांवर हकिगत आहे आणि जागा अंकाची आहे. तो म्हणतो, ‘नाही, ते काल माझे पैसे…’ ‘हो सर, खाते क्रमांक सांगा.’ ‘अहो, ऐका तरी.’ मग पासबुकाची शोधाशोध. मग अंक, त्यात एक चुकलेला. मग जन्मतारीख. दीड मिनिटाने त्याला विचारलं जातं, ‘आता सांगा, काय तक्रार आहे?’ आता ते वाक्य तसं बाहेर येत नाही. ते लांबतं. त्यात एटीएमचा रखवालदार येतो, मागे उभी असलेली रांग येते, मुलाची फी येते. तो तेच तीनदा सांगतो, कारण पहिल्यांदा सांगायचं होतं तेव्हा ऐकायला कोणी नव्हतं. लोक फार बोलतात अशी मदतकक्षात नेहमी तक्रार असते. मला वाटतं, त्यातलं पुष्कळसं बोलणं आधी अडवलेलं असतं.

तोच फोन दुसऱ्या तऱ्हेने. ‘नमस्कार. अमुक बँकेतून मी अमुक बोलतेय. सांगा, काय काम होतं?’ याला चार सेकंद पुरतात. ‘अहो, काल एटीएममधून पैसे आले नाहीत, पण खात्यातून गेले. पाच हजार.’ हे पाच-सहा सेकंदांत होतं, कारण वाक्य तयारच असतं. इथे दहा सेकंद संपतात. ‘पाच हजार कापले गेले आणि हातात आले नाहीत. बरं. लगेच बघते. खातं उघडायला आधी तुमचा खाते क्रमांक लागेल.’ इथे दहा सेकंद संपतात. आता तोच अंक मागितलेला चालतो, कारण तो कशासाठी हे कळलं आहे. माणूस पासबुक शोधतो, पण चिडत नाही. पुढे तिला सांगण्यासारखंही आहे. रिझर्व्ह बँकेच्या 2019 च्या परिपत्रकाप्रमाणे असे पैसे व्यवहारानंतर पाच दिवसांत खात्यात परत यायला हवेत. त्यापुढे उशीर झाला तर बँकेने दिवसाला 100 रुपये द्यायचे. हे पहिल्या फोनातही सांगितलं गेलं असतं. फक्त तोवर ऐकून घ्यायची त्याची तयारी राहिली नसती.

‘काय अडचण आहे?’ यापेक्षा मला ‘काय काम होतं?’ बरं वाटतं. कोणी नुसतं शनिवारी बँक उघडी आहे का एवढंच विचारायला फोन करतो. त्याला उगाच तक्रारदार कशाला करायचं?

नावाच्या आधी ‘नमस्कार’ हवा, तो मात्र काढू नये. तो नम्रतेसाठी आहेच, पण आणखी एका कारणासाठीही लागतो. घंटा किंवा संगीत ऐकत असलेला कान बोलण्याकडे वळायला क्षणभर घेतो. लाइन जुळताना पहिलं अक्षर कधी कापलंही जातं. तो पहिला शब्द हरवला तरी चालेल असाच असावा. बँकेचं नाव आणि आपलं नाव त्याच्या मागे सुरक्षित राहतं.

हे सगळीकडे चालणार नाही, हेही खरं. आग लागली आहे, अपघात झाला आहे, तिथे हकिगतीला जागा देत बसता येत नाही. अमेरिकेत 911 च्या अनेक केंद्रांवर पहिलाच प्रश्न पत्त्याचा असतो. फोन मधेच तुटला तरी गाडी कुठे पाठवायची एवढं हाती राहावं म्हणून. तिथे ‘कुठे?’ हीच माया असते. पण बँकेच्या फोनाला ती घाई नसते. तिथे अंक आधी मागायची सवय पडते ती पडद्यावरच्या चौकटीमुळे. पहिली रिकामी चौकट खाते क्रमांकाची असते, म्हणून पहिला प्रश्नही तोच. चौकटीला पाच सेकंद थांबायला काही हरकत नसते.

मजकूर बदलला तरी पन्नासावा फोन पन्नासावाच राहतो. चार सेकंदांचं वाक्यही दीड सेकंदात म्हणता येतं. म्हणून दोन फोनांच्या मधे थोडी जागा हवी. नोंद टाइप करून व्हावी, पाण्याचा घोट घ्यावा, आणि मग लाइन खुली व्हावी. हा वेळ मुलीच्या हातात नसतो, तो वर कोणीतरी ठरवतो. ठरवणाऱ्यांनी तासातला एखादा फोन ऐकावा, आणि त्यातही फक्त सुरुवात. समोरचा ‘हॅलो? हॅलो?’ करतो की ‘हां, ते काय झालं’ म्हणून सरळ सुरू होतो, एवढंच टिपावं. एखाद्या टेबलावर ‘हॅलो’ वाढायला लागले, तर त्या मुलीला मजकूर पुन्हा पाठ करायला लावू नये. दहा मिनिटं हेडसेट काढून चहाला पाठवावं.