दुसऱ्याची बाजू आपल्या हातानं लिहिताना

आपल्याकडं भाषण ठोकणारे उदंड आहेत, टिपण काढणारे थोडे. आणि आता वादाचा ठराव येतो तो बहुतेक वेळा स्लाइडांच्या गठ्ठ्यातून. कुठल्या तरी चर्चासत्रात पडद्यावर दाखवलेली पंचवीस-तीस पानं असतात. त्यावर ठळक ठोकळे, चार आकडे, एक नकाशा आणि शेवटी 'चर्चेसाठी प्रश्न'. ती पानं पुढ्यात ठेवून आपल्याला अभ्यासवर्गासाठी ठरावाच्या बाजूचं आणि विरोधाचं टिपण लिहायचं असतं. हे काम कारकुनीचं वाटतं, पण तसं ते नाय. त्यात एक नीतीचा प्रश्न दडलाय. जी बाजू मला पटत नाही, जी कदाचित माझ्या घरच्या भाकरीवर येते, ती मी पूर्ण ताकदीनं लिहायची का? का ती लिहिणं म्हंजे चळवळीशी गद्दारी?

उदाहरण मुद्दाम हात भाजणारं घेतो. अनुसूचित जातींच्या आरक्षणाचं उपवर्गीकरण. १ ऑगस्ट २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी पंजाबच्या खटल्यात, सहा विरुद्ध एक, असा निकाल दिला की राज्यांना अनुसूचित जातींचे अंतर्गत गट पाडता येतील. २००४ साली आंध्रच्या खटल्यात पाच न्यायमूर्तींनी नेमकं उलटं सांगितलं होतं. या जाती म्हणजे एकच वर्ग, राज्याला तो फोडता येणार नाही, असं. नवा निकाल आला आणि त्याच महिन्यात, २१ तारखेला, भारत बंद झाला. एकाच निळ्या झेंड्याखालची माणसं एकमेकांकडं तिरक्या नजरेनं बघू लागली.

आता कामाला लागू. पहिली गोष्ट ठरावाची भाषा. समजा, गठ्ठ्यातल्या एका स्लाइडवर मथळा आहे, 'आरक्षणाचे न्याय्य पुनर्वाटप'. हाच ठराव म्हणून उचलला तर वाद सुरू व्हायच्या आधीच संपला. 'न्याय्य' शब्दानं निकाल देऊन टाकला. अन्यायाच्या बाजूनं कोण बोलणार? चांगल्या ठरावात कुणी, काय करावं एवढंच असतं. तेव्हा असं लिहायचं : 'महाराष्ट्र सरकारने अनुसूचित जातींच्या १३ टक्के आरक्षणाचे अंतर्गत गट पाडावेत.'

एवढ्यानंही भागत नाही. गट पाडायचे म्हणजे कसे? पंजाबची रीत एक. तिथं १९७५ सालच्या परिपत्रकानं अनुसूचित जातींच्या निम्म्या जागांवर वाल्मीकी आणि मजहबी शीख यांना पहिली पसंती दिली. त्यांच्यातला उमेदवार मिळाला नाही तर जागा इतर अनुसूचित जातींना मोकळी. आंध्रची रीत दुसरी. २००० सालच्या कायद्यानं तिथं १५ टक्क्यांचे चार कप्पे केले, १, ७, ६ आणि १ टक्का. तेलंगणानं १४ एप्रिल २०२५ पासून तीन कप्पे केले, १, ९ आणि ५. पसंती आणि कप्पा यांत जमीन-अस्मानाचा फरक आहे. टिपणात हे पहिल्याच पानावर ठरलं नाही तर एक वक्ता पसंतीचं समर्थन करत राहतो, दुसरा कप्प्यावर तुटून पडतो, आणि दोघं दोन वेगळ्या गल्ल्यांत ओरडत बसतात. ऐकणाऱ्याला वाटतं वाद लई रंगला. वाद झालेलाच नसतो.

आता ठरावाच्या बाजूचं लिहू. स्लाइडवर ठोकळा असतो : 'काही जाती मागे राहिल्या.' हा मुद्दा नाही, ही नुसती आरोळी. मुद्दा तेव्हा होतो जेव्हा त्याच्या मागं कारण, पुरावा आणि परिणाम उभा राहतो. कारण असं : अस्पृश्यता सगळ्यांनी भोगली, पण तिच्यातून बाहेर पडायच्या वाटा सगळ्यांना सारख्या मिळाल्या नाहीत. महारांना ब्रिटिशांची पलटण मिळाली, मुंबईची गिरणी, रेल्वे मिळाली, बाबासाहेबांची चळवळ मिळाली. दोर वळणारा, वाजंत्री वाजवणारा मातंग गावातच जखडला गेला. ज्याच्या घरात तिसरी पिढी शिकतेय आणि ज्याच्या घरातलं पहिलं पोरगं आत्ता दहावीला बसलंय, ते दोघं एकाच रांगेत उभे केले तर ती रांग समान म्हणायची का? खुल्या स्पर्धेविरुद्ध आपण हाच युक्तिवाद केला होता. तो आपल्या उंबऱ्यापाशी येऊन का थांबावा? हे वाक्य आपल्याला टोचतं. टोचतं म्हणूनच ते टिपणात आलं पाहिजे.

इथं एक ठोकर लागते. ठरावाच्या बाजूचा वक्ता हटकून म्हणतो, 'सर्वोच्च न्यायालयानंच सांगितलंय.' न्यायालयानं सांगितलंय की राज्याला हे करता येईल. करावंच, असं सांगितलेलं नाही. आणि करायचं तर मोजता येणाऱ्या पुराव्यावर करावं, एकाच गटाला शंभर टक्के जागा देऊन बाकीच्यांना बाहेर काढता येणार नाही, अशाही अटी घातल्यात. 'करता येईल' आणि 'करावं' यांच्या मधल्या जागेतच आपला सगळा वाद आहे. निकाल दाखवून ती जागा बुजवायची नसते.

आता विरोधाची बाजू. इथंही 'फोडा आणि झोडा' एवढं लिहून भागत नाही. सगळ्यात मजबूत मुद्दा बिंदुनामावलीतला आहे आणि तो भाषणात क्वचित येतो. हिशेब करून बघा. एका कार्यालयात एका संवर्गाची शंभर पदं असतील तर १३ आपली. त्यांचे ५, ५ आणि ३ असे कप्पे पाडता येतील. पण तालुक्याच्या जागी, लहान संस्थेत, एका संवर्गात आठच पदं असतात. आठाचे १३ टक्के म्हंजे जेमतेम एक पद. त्या एका पदाचे तीन वाटे कसे करणार? मग पाळी लावायची. पहिल्या गटाची पाळी आज. ते पद पाच-सहा वर्षांनी रिकामं झालं तर दुसऱ्या गटाची, आणि तिसऱ्याची त्याच्यानंतर. ज्याला न्याय द्यायला निघालो त्याला दहा-बारा वर्षं थांब म्हणायचं. शिवाय कप्पा घट्ट असला आणि त्या गटात पात्र उमेदवार मिळाला नाही तर जागा रिकामी पडायची भीती. ती पुढच्या गटाकडं जाते की तशीच राहते, हे नियमात लिहिलंय का, ते विचारल्याशिवाय विरोधाचं टिपण पुरं होत नाही.

विरोधाचा दुसरा मुद्दा न बोललेल्या दाराचा. याच निकालात चार न्यायमूर्तींनी अनुसूचित जातींनाही क्रीमी लेयर लावावा असं मत मांडलं. खटल्यातला प्रश्न तो नव्हता. पण एकदा वाटणीच्या भाषेत बोलायला लागलो की हे दारही ढकललं जाईल, ही भीती खोटी नाही. केंद्रीय मंत्रिमंडळाला त्याच महिन्यात सांगावं लागलं की संविधानात अशी तरतूद नाही. हा मुद्दा लिहिताना मात्र प्रामाणिक राहायचं. हा ठरावातच असलेला दोष नाही, ठरावाच्या मागून येऊ शकणारा धोका आहे. दोन्हींची सरमिसळ केली की समोरचा एका वाक्यात आपल्याला उघडं पाडतो.

आता दोन्ही बाजू जिथं खरंच भिडतात ती जागा : पुरावा. स्लाइडवर रंगीत पट्ट्या असतात, अमुक जात लोकसंख्येत इतकी, नोकरीत इतकी. पहिला प्रश्न, कशाचे टक्के? सगळ्या नोकऱ्यांचे, राखीव नोकऱ्यांचे, का नुसत्या त्या एका खात्याचे? दुसरा प्रश्न, कुठल्या हुद्द्याच्या? हिशेबापुरतं धरा की एका नगरपालिकेत अनुसूचित जातींचे २०० कर्मचारी आहेत. एका जातीची लोकसंख्या अनुसूचित जातींमध्ये ४० टक्के आणि तिचे कर्मचारी ८०, म्हणजे तेही ४० टक्के. पट्टी सांगते, सगळं झकास, प्रतिनिधित्व पुरेपूर. खाली खरवडून बघितलं तर ८० पैकी ७० झाडूवाले. जातीनं जे काम हजार वर्षं गळ्यात बांधलं तेच नगरपालिकेच्या शिक्क्यानं परत बांधलं, आणि स्लाइडनं त्याला प्रतिनिधित्व म्हटलं. निकालपत्रातही हे आलंय की नुसती डोकी मोजायची नाहीत, प्रतिनिधित्व परिणामकारक आहे का ते बघायचं. म्हणून टिपणात हुद्देवार आकडा मागायचा. तो गठ्ठ्यात नसेल तर 'आकडा दिलेला नाही' असं साफ लिहायचं. रिकाम्या जागी आपल्या मनातला आकडा भरायचा नाही.

आणखी एक खोड. दोन्ही बाजूंना पाच-पाच मुद्दे दिले की समतोल झाला, असं काहींना वाटतं. हे तराजूचं नाटक आहे. एका बाजूला तीनच मुद्दे भक्कम असतील तर तीनच लिहा. दोन पोकळ मुद्दे घालून पाच केले तर समोरचा ते दोनच धरून ठोकणार, आणि भक्कम तिघांकडं कुणाचं लक्ष जाणार नाही.

आता मूळ प्रश्नाकडं येतो. मी बौद्ध वस्तीतला. ठरावाच्या बाजूचं टिपण मी लिहिलं तर माझीच पोरं म्हणणार, 'तू कुणाकडनं?' त्यांना सांगायचं की बाबासाहेबांनी 'जातिनिर्मूलन' १९३६ साली छापलं. गांधींनी त्यावर टीका केली. १९३७ च्या दुसऱ्या आवृत्तीत बाबासाहेबांनी गांधींची ती टीका आपल्याच पुस्तकात छापली आणि मग आपलं उत्तर दिलं. विरोधकाचं म्हणणं त्यांनी आपल्या पानावर बसवलं, मोडतोड न करता. ज्याला आपल्या उत्तराची खात्री असते तोच हे करू शकतो.

पण आपला मामला त्याहून अवघड आहे. गांधी समोरच्या बाजूचे होते. मातंग, वाल्मीकी, ढोर, होलार हे समोरचे नाहीत, आपलेच आहेत. बामणी व्यवस्थेनं आपल्याबद्दल कायम दुसऱ्यांच्या तोंडून बोललं. आपलं म्हणणं वाकडं करून, दुबळं करून मांडलं आणि मग ते पाडून दाखवलं. तेच आपण आपल्याहून एक पायरी खाली ढकललेल्या भावाबद्दल केलं, त्याचं म्हणणं मुद्दाम लुळं करून लिहिलं, तर जातीची उतरंड आपल्या वहीत जशीच्या तशी उतरली म्हणायची. ठरावाला विरोध करणं गैर नाही. विरोध आपण करू शकतो, कारण बिंदुनामावलीचा हिशेब खरा आहे. पण ज्याला नाही म्हणायचं त्याचं म्हणणं आधी पुरं ऐकलेलं असावं. ऐकलं की नाही याची खूण टिपणात दिसते.

ती खूण तपासायची रीत साधी आहे. टिपणाचं ठरावाच्या बाजूचं पान घ्यायचं, मातंग वस्तीतल्या कार्यकर्त्याकडं न्यायचं, वाचून दाखवायचं आणि विचारायचं, 'भाऊ, तुमचं म्हणणं हेच ना?' तो 'हेच, आणि याहून नीट मला सांगता आलं नसतं' म्हणाला तर टिपण झालं. 'असं आम्ही कधी म्हणतो?' म्हणाला तर पान फाडायचं आणि त्याच्याच ओसरीवर बसून नव्यानं लिहायचं. विरोधाचं पान तसंच आपल्या वस्तीत वाचायचं. मग वादाला उभं राहायचं, कुठल्याही बाजूनं.

जय भीम.